मलिक नावाचा माणूस: एका उर्दू पत्राचं प्रकरण

दर रविवारी सकाळी दादरला मी मराठी माणसांना उर्दू वाचायला शिकवते. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना उर्दू ऐकून समजते, बोलणं हिंदी-मुंबईचं असतं, अडतं ते फक्त लिपीपाशी. म्हणून आमचा सगळा भर वाचण्यावर असतो. त्यातल्या एका काकांचं हे प्रकरण. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव नको म्हणाले, म्हणून काकाच म्हणते.

काका लालबागचे. वडील मिलमध्ये विणकर खात्यात होते. वडील गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत एक निळं अंतर्देशीय पत्र सापडलं, उर्दूत लिहिलेलं. वडिलांना उर्दू येत नव्हती. ते पत्र त्यांना तेव्हा कोणीतरी वाचून दाखवलं असणार. टपालाच्या शिक्क्यात आजमगड आणि 82 हे आकडे दिसत होते. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी पाणी लागून शाई ओघळली होती, आणि मजकुराखाली सही म्हणून नुसतं ‘तुम्हारा भाई’. हे पत्र स्वतः वाचायचं, एवढ्याच हेतूने काका वर्गाला आले.

सन 82 म्हटलं की गिरणगावातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि महिने लोटले तशी माणसं आपापल्या गावी परतू लागली. कोकणातला कोकणात गेला, घाटावरचा घाटावर, आणि मदनपुऱ्यात राहणारे उत्तरेकडचे विणकर आजमगड, मऊ, बनारसकडे. हे पत्र अशाच एका परतलेल्या माणसाचं होतं.

काका हुशार आणि कष्टाळू. पाच आठवड्यांत सगळी अक्षरं, त्यांची शब्दाच्या सुरुवातीची, मधली, शेवटची रूपं पाठ झाली. कायदा, म्हणजे मुलांचं पहिलं वाचनपुस्तक, त्यांनी धडाधड वाचून संपवला. सहाव्या रविवारी पत्र बाहेर काढलं आणि आठवड्याने मला वहीत उतरवलेलं भाषांतर दाखवलं. पहिलंच वाक्य होतं: ‘मी मलिक आहे.’

हा मलिक कोण, म्हणून काका आठवडाभर चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरले होते. कोणालाच मलिक आठवत नव्हता. मलाही आधी काही खटकलं नाही, कारण मी पत्र पाहिलं नव्हतं, फक्त भाषांतर पाहिलं होतं. मग म्हटलं, काका, हे वाक्य मुळातून मोठ्याने वाचा.

ते वाचू लागले: “मैं मलिक मैं हूँ.”

मी विचारलं, “काका, ‘मैं’ दोनदा का आलं?”

“बाई, तो बिचारा साधा माणूस, लिहिताना चुकून दोनदा लिहिलं असेल. मी एक सोडून दिलं.”

सगळं प्रकरण ह्या सोडून दिलेल्या शब्दापाशी उघडलं. पण ते कळायला उर्दू लिपीत स्वर कसे लिहितात, किंवा कसे लिहीत नाहीत, ते आधी सांगायला हवं.

देवनागरीत अक्षर नुसतं लिहिलं की त्यात ‘अ’ असतोच. ‘क’ म्हणजे क् आणि अ. इतर कुठलाही स्वर हवा तर त्याची खूण लावावीच लागते. उर्दू लिपीत तसं नाही. तिथे काफ हे फक्त व्यंजन आहे, त्यात कुठलाच स्वर नाही. आ, ई, ऊ, ए, ओ असे लांब स्वर अलिफ, ये आणि वाव ह्या पूर्ण अक्षरांनी दाखवतात, ते पानावर दिसतात. पण आखूड अ, इ, उ ह्यांना अक्षर नाही, फक्त खुणा आहेत. अक्षराच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ म्हणजे जबर, तो ‘अ’. तशीच रेघ अक्षराच्या पायाशी म्हणजे जेर, तो ‘इ’. डोक्यावर वावसारखा इवलासा आकडा म्हणजे पेश, तो ‘उ’. अक्षराला स्वरच नाही हे दाखवायला जज्म. अरबीत ह्याच खुणांना फतहा, कसरा, दम्मा म्हणतात, आणि त्यांचं आजचं रूप आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या खलील इब्न अहमद ह्या भाषापंडिताच्या नावावर आहे. कुराणाच्या प्रतीत त्या सगळीकडे असतात, मुलांच्या कायद्यात असतात. वर्तमानपत्रात, पाटीवर, खाजगी पत्रात मात्र सहसा नसतात. नागपाड्याला स्टॉलवर इन्किलाबचा अंक उचला, पानभर मजकुरात एखादी खूण मिळाली तर मिळाली.

मराठीत हे कसं दिसेल? चिरा, चुरा आणि चरा हे तीन शब्द घ्या. उर्दूच्या रीतीने लिहिले तर तिन्ही सारखेच: चे, रे, अलिफ. शेवटचा ‘आ’ अलिफने दिसेल, पण पहिल्या अक्षरावरची वेलांटी, उकार, काहीच दिसणार नाही. ‘मला’ आणि ‘मुला’ ह्यांत तर काडीचा फरक उरणार नाही. ‘मुला, इकडे ये’ आणि ‘मला इकडे ये’ एकसारखं लिहिलं जाईल, आणि तरी उर्दू वाचणारा अडखळणार नाही, कारण दुसरं वाक्य तो भाषेतूनच बाद करील.

आता मीम, लाम, काफ ही तीन अक्षरं. मीमवर पेश, लामवर जज्म: मुल्क, देश. मीमवर जबर, लामखाली जेर: मलिक, राजा, आणि आडनावही. दोन्हींवर जबर: मलक, देवदूत. मीमखाली जेर, लामवर जज्म: मिल्क, मालकीची वस्तू. चारही खरे शब्द आहेत. ‘मालिक’ मात्र ह्यांत येत नाही, कारण त्यात मीमनंतर अलिफ लिहावा लागतो, तो नजरेतून सुटत नाही. आपला ‘मालक’ त्या शब्दातून आला, आणि आपला ‘मुलूख’ आला मुल्कमधून.

मुंबईत राहणाऱ्याला ह्यातला मुल्क कानाने ओळखीचा आहे. ‘मुलुक गया’ म्हणजे देश सोडून गेला असं नव्हे, गावी गेला. मिलमधले भय्ये, विणकर, सगळे गावाला मुलुकच म्हणत. पत्रातलं वाक्य होतं: ‘मैं मुल्क में हूँ.’ मी गावी आहे.

त्यातलं ‘मैं’ आणि ‘में’ उर्दूत एकाच तीन अक्षरांनी लिहितात: मीम, ये, नून. मीमवर जबर असेल तर मैं. जबर नसेल तर वाक्यावरून ठरवायचं. काकांनी दोन्हीकडे ‘मैं’ वाचलं, म्हणून दुसरा शब्द त्यांना फालतू वाटला. खरं तर त्यानेच ओरडून सांगितलं असतं की आधीचा शब्द ठिकाणाचा आहे, माणसाचा नाही. ‘में’च्या आधी सहसा जागा किंवा वेळ येते. मी मुलांना आणि मोठ्यांनाही हेच सांगते: वाक्यात एखादा शब्द जास्तीचा उरला किंवा कमी पडला, तर लिहिणाऱ्याला दोष देण्याआधी त्याच्या शेजारच्या शब्दाचे स्वर बदलून पाहा. पत्र लिहिणारा क्वचित चुकतो, वाचणारा रोज चुकतो.

पण काकांनी मीम-लाम-काफचं ‘मलिक’ का केलं? इथे मला खरा रोग सापडला. मी त्यांना पूर्ण पत्र अडखळत, न सुधारता वाचायला लावलं आणि मी पेन्सिलीने खुणा करत गेले. बारा ओळींत चौदा ठिकाणी स्वर चुकला होता. चौदांपैकी अकरा चुकांमध्ये त्यांनी जिथे इ किंवा उ हवा होता तिथे ‘अ’ घातला होता. दिनचं आधी ‘दन’, लिखनाचं ‘लखना’, शुक्रचं ‘शकर’, मुल्कचं ‘मलक’. हा देवनागरीचा हात होता. साठ वर्षं ज्या डोळ्यांनी नुसतं अक्षर दिसलं की ‘अ’ वाचलाय, ते डोळे उर्दूच्या नुसत्या अक्षरालाही आपोआप ‘अ’ लावतात. उर्दूत नुसत्या अक्षराचा अर्थ ‘स्वर वाचकाने ठरवावा’ असा असतो, ‘अ’ असा नसतो. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण सांगणं आणि डोळ्यांची सवय मोडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा भर पहिल्यावरच राहिला.

पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ‘खुदा का शकर है’ असं वाचल्यावर काका क्षणात थांबले आणि स्वतःच म्हणाले, नाही, शुक्र. कारण ‘खुदा का शुक्र’ हे त्यांनी हजारदा ऐकलं होतं. ‘दन’ नावाचा शब्द त्यांना माहीत नव्हता, म्हणून तो दिन झाला. ‘मलक’ही त्यांना माहीत नव्हता. तोही त्यांनी जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे ओढला, आणि तो निघाला मलिक. दुरुस्तीची पद्धत तीच, फक्त ह्या वेळी ती चुकीच्या घरी गेली. निरर्थक वाचलेलं माणूस लगेच सुधारतो. अर्थ असलेला चुकीचा शब्द हाती आला की तो तिथेच थांबतो, आणि मग आठवडाभर चाळीत मलिकला शोधतो.

मग कायद्यातलं वाचन इतकं अचूक कसं होतं? तिथे तर सगळ्या खुणा होत्या. मला शंका आली की काका खुणा वाचतच नव्हते. तपासायला मी एका कागदावर वीस सुटे शब्द लिहिले, सगळे दोन व्यंजनांचे, सगळ्यांवर जबर-जेर-पेश स्पष्ट: पल आणि पुल, कल आणि कुल, दल आणि दिल, धन आणि धुन, सन आणि सुन, बन, बिन आणि बुन, असे मिसळून. वाक्य नाही, चित्र नाही, आधार काही नाही. वीसपैकी नऊ बरोबर आले. त्याच दिवशी कायद्यातली खुणांची तितक्याच शब्दांची वाक्यं एकही चूक न करता वाचली. म्हणजे कायदा वाचताना ते हिंदीच्या ओळखीवर पुढचा शब्द ओळखत होते, आणि खुणा डोळ्यांसमोरून वाहून जात होत्या. पुस्तकाने खुणा दिल्या, त्यांनी त्या घेतल्या नाहीत, आणि मी कान देऊन ऐकलं फक्त उत्तर, ते कुठून आलं ते नाही.

मराठी माणसात ह्याला आणखी एक आधार मिळतो. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी वाचणाऱ्याला अर्थ कळतो, हे आपण शाळेपासून अनुभवतो. मोडीत तर ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकार वेगळे लिहीतच नसत, आणि पेशव्यांचे दप्तर त्यावर चाललं. म्हणून जेर-पेश ही शुद्धलेखनाची बाब वाटते, परीक्षेत मार्क कापण्यापुरती. पण जेर म्हणजे ‘पहिली की दुसरी वेलांटी’ हा प्रश्न नाही. वेलांटी आहे की उकार आहे की काहीच नाही, हा प्रश्न आहे. चिरा की चुरा.

त्या रविवारपासून आम्ही जुन्या मक्तबची, म्हणजे मुलांच्या पहिल्या शाळेची, रीत धरली, हिज्जे करण्याची. प्रत्येक शब्द अक्षर आणि खूण नावाने म्हणत जोडायचा: मीम पेश मु, लाम जज्म मुल्, काफ मुल्क. दाल जेर दि, नून दिन. लहान मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, मोठ्यांना तर लाजिरवाणं. पण हिज्जे करताना खूण तोंडाने उच्चारावीच लागते, ती सोडून पुढे जाताच येत नाही. तीन आठवडे काका रोज पंधरा मिनिटं हे करत होते. नंतर उलटा सराव: खुणा नसलेला परिच्छेद द्यायचा आणि त्यांनी पेन्सिलीने खुणा घालायच्या, पण सगळीकडे नाही. ज्या शब्दाची दोन खरी वाचनं होऊ शकतात तिथेच. ह्यात शब्द ओळखण्याआधी ‘इथे दोन शब्द लपलेत का’ हे पाहण्याची सवय लागते. वीस सुट्या शब्दांची तशीच दुसरी यादी त्यांनी शेवटी वाचली तेव्हा अठरा बरोबर आले.

मग पत्र पुन्हा हाती घेतलं.

तिसऱ्या ओळीत होतं: ‘इधर बारिश नहीं हुई, उधर का हाल लिखना.’ इधर आणि उधर दोन्ही अलिफ, दाल, हे, रे. सुरुवातीचा अलिफ फार फसवा: त्यावर मद, म्हणजे आडवी लाटेसारखी रेघ, असेल तरच तो आ, नाहीतर तो अ, इ, उ ह्यांपैकी कुठल्याही स्वराची नुसती बैठक. पहिल्या वाचनात काकांनी दोन्हीकडे ‘इधर’ वाचलं होतं, आणि भाषांतर केलं होतं, ‘इथे पाऊस नाही, इथलं कळव.’ ह्यात काही खटकतं का, म्हणून विचारलं तर आता ते लगेच म्हणाले, इथला माणूस इथलंच कसं विचारेल?

“मग खूण नाही का कुठे?” मी म्हटलं. काकांनी भिंग लावलं. दुसऱ्या शब्दाच्या अलिफवर एक ठिपका होता, जरा डावीकडे सरकलेला. पहिल्या वेळी तो त्यांनी शाईचा डाग समजला होता. आम्ही स्टेशनसमोरच्या दुकानात त्या ओळीची झेरॉक्स दुप्पट करून घेतली. मोठं झाल्यावर डागाला डोकं आणि शेपूट दिसू लागली: पेश. जबर सरळ रेघ असते, तिला डोकं नसतं. पहिल्या शब्दाखाली मात्र काही नव्हतं. आजमगडच्या त्या माणसाने पानभर कुठेही खुणा घातल्या नाहीत, पण जिथे त्याला स्वतःला वाटलं की वाचणारा इकडचं तिकडे करील, तिथे एक पेश टेकवला. उर्दू लिहिणारे पुष्कळदा असंच करतात. म्हणून खुणाविरहित मजकुरात एखादीच खूण दिसली तर ती सर्वांत आधी वाचावी, कारण ती लिहिणाऱ्याने तुमच्यासाठी ठेवलेली असते.

तसाच आणखी एक पेश सातव्या ओळीत निघाला, अलिफ-सीनवर: ‘उस दिन की बात दिल में है.’ पूर्वी काकांनी ‘इस दिन’ केलं होतं, आणि त्या दिवसाचा उल्लेख आजचा होऊन बसला होता. कुठला दिवस, ते दोन मित्रांनाच ठाऊक. नवव्या ओळीत ‘मिल खुले तो खत लिखना’. मीम-लाम म्हणजे मिल. तोच शब्द भेटण्यातलाही मिल. इथे खूण नाही आणि लागतही नाही, पुढचं ‘खुले’ सगळं सांगून जातं. ‘खुले’ आणि ‘खिले’ सुद्धा सारखेच लिहितात, पण गिरणी फुलत नाही.

अडकलो ते दहाव्या ओळीत. अलिफ, नून, मग ‘पैसों की फिक्र मत करना’. अलिफवर पेश असेल तर ‘उन पैसों’, त्या पैशांची काळजी करू नकोस: आधी कधीतरी झालेली देवघेव. जेर असेल तर ‘इन पैसों’, ह्या पैशांची: म्हणजे पत्रासोबत, मनिऑर्डरने वगैरे, त्याने काही पाठवलं असावं. व्याकरणाला दोन्ही चालतात. अर्थालाही दोन्ही चालतात. संपाच्या वर्षात एका मिलवाल्याने दुसऱ्याला ‘त्या पैशांचं राहू दे’ म्हणणं आणि ‘हे थोडे पैसे ठेव’ म्हणणं, दोन्ही अगदी शक्य. झेरॉक्स चौपट केली. अलिफच्या वर काही नाही, खाली काही नाही.

माझं मत काकांना सांगितलं. ह्या माणसाने ‘उधर’ आणि ‘उस’ दोन्हींवर पेश दिलाय, ‘इधर’ला जेर दिलेला नाही. म्हणजे दूरचं असेल तिथे खूण, जवळचं असेल तिथे मोकळं, असा त्याचा हात दिसतो. त्या हिशेबाने खूण नसलेलं हे ‘इन’ असावं. पण दोन पेशांवरून एखाद्याच्या हाताची सवय ठरवणं म्हणजे फार झालं. दहाव्या ओळीपर्यंत माणूस घाईला येतो, कागद संपत आलेला असतो, अंतर्देशीय पत्राला दुसरं पान नसतं. मी शपथेवर सांगू शकत नाही.

“म्हणजे बाबांनी त्याचे पैसे द्यायचे होते, की त्यानेच बाबांना पाठवले, हे एका रेघेवर अडलंय,” काका म्हणाले.

मी हो म्हटलं.

त्यांनी वही उघडली. ‘मी मलिक आहे’ खोडून ‘मी गावी आहे’ लिहिलं. पाठवणाऱ्याचं नाव ह्या जागी आता काहीच राहिलं नाही, फक्त ‘तुझा भाऊ’. दहाव्या ओळीला आले तेव्हा त्यांनी पत्राच्या झेरॉक्सवर अलिफखाली फिकट पेन्सिलीने जेर काढला, शेजारी प्रश्नचिन्ह केलं, आणि भाषांतरात ‘ह्या’ लिहून त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘त्या’ लिहून ठेवलं.